हुकूम कोणाचा, वजन कोणाचं

कारखान्याच्या स्टोअरचे इन्चार्ज नव्या मुलाला सांगतात, ‘उद्यापासून सकाळी सातला यायचं.’ मुलगा दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला गेटवर हजर होतो. इथे इन्चार्जनी कोणती सत्ता वापरली? अ) लेजिटिमेट, ब) कोअर्सिव्ह, क) एक्स्पर्ट, ड) रेफरंट.

एमबीएच्या पहिल्या वर्षाला ‘ओबी’, म्हणजे ऑर्गनायझेशनल बिहेवियर, हा विषय ज्यांनी केला आहे त्यांना असले प्रश्न पाठ असतात. दोन ओळींचा कार्यालयातला प्रसंग, खाली चार पर्याय. वरच्या प्रश्नाचं अपेक्षित उत्तर ‘अ’. इन्चार्ज वरच्या हुद्द्यावर आहेत, वेळ ठरवणं त्यांच्या अखत्यारीत येतं, मुलगा ऐकतो. उत्तरपत्रिका तपासणारा बरोबरची खूण करून पुढे जातो.

पण त्या मुलाला कोणी विचारलं नाही. तो सहा महिन्यांच्या कंत्राटावर असेल आणि ‘उशिरा गेलो तर कंत्राट वाढणार नाही’ या धास्तीने पहाटे उठला असेल, तर उत्तर ‘ब’ होतं. इन्चार्ज आपल्याच गावचे, आपणही पुढे त्यांच्यासारखं व्हायचं, असं त्याच्या मनात असेल, तर ‘ड’. प्रसंग तोच आणि सातची वेळही तीच, तरी उत्तरं तीन. हा प्रश्न सोडवायची खरी किल्ली इन्चार्जच्या हुद्द्यात सापडत नाही, ती मुलाच्या डोक्यात असते. आणि ही काही चतुर पळवाट नव्हे. हे वर्गीकरण मुळात मांडलं गेलं तेच असं.

जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या दोन सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी 1959 साली सत्तेच्या पायांवर एक प्रकरण लिहिलं. मिशिगन विद्यापीठातल्या डॉर्विन कार्टराइट यांनी संपादित केलेल्या पुस्तकात ते आलं. फ्रेंच यांना कारखाना परका नव्हता. व्हर्जिनियातल्या हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात कामाची पद्धत बदलली की कामगार का अडून बसतात, यावर त्यांनी लेस्टर कॉक यांच्यासोबत काम केलं होतं. तो अभ्यास 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. साहेबाने सांगितलं म्हणजे झालं, असं होत नाही, हे त्यांनी शिलाई मशिनांच्या रांगांमध्ये पाहिलेलं होतं.

या प्रकरणात सत्तेचे पाच पाये सांगितले आहेत: बक्षीस देण्याची ताकद, शिक्षा करण्याची ताकद, हुद्द्याचा मानला गेलेला हक्क, जाणकारी आणि आपलेपणाची ओढ. विद्यार्थी हे पाच शब्द पाठ करतात, पण व्याख्यांच्या पहिल्या शब्दांकडे बहुधा कोणी पाहत नाही. प्रत्येक व्याख्या ऐकणाऱ्यापासून सुरू होते. समोरचा मला बक्षीस देऊ शकतो असं ऐकणाऱ्याला वाटतं. समोरच्याला मला सांगायचा हक्क आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं. समोरच्याला या बाबतीतलं जास्त कळतं असं ऐकणाऱ्याला वाटतं. सत्ता गाजवणाऱ्याच्या खिशात काय आहे याला दुय्यम महत्त्व. कफल्लक माणूससुद्धा, तो कफल्लक आहे हे समोरच्याला कळेपर्यंत, बक्षिसाच्या आशेवर लोकांना राबवू शकतो. असे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

पहिले दोन पाये ओळखायला सोपे. त्यांची एक पक्की खूण फ्रेंच आणि रेव्हन यांनीच सांगून ठेवली आहे. शिक्षेच्या धाकाने केलेल्या कामाला पहारा लागतो. बक्षिसासाठी केलेल्या कामातही, काम झालं की नाही हे देणाऱ्याला दिसावं लागतं. म्हणून प्रश्न वाचताना मनात विचारायचं: साहेब आठवडाभर सुट्टीवर गेले तर हे काम चालू राहील का? बंद पडणार असेल, तर उत्तर बहुतेक या दोनांत आहे. उरलेल्या तिघांत मात्र ही चाचणी चालत नाही. तिथे साहेब डोळ्यांआड झाले तरी काम होतच राहतं आणि विद्यार्थ्यांची गल्लत होते ती तिथेच.

गल्लतीचा सगळ्यात नेहमीचा प्रश्न इस्पितळातला असतो. ‘डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नर्सने औषध दिलं.’ निम्मा वर्ग ‘एक्स्पर्ट’वर खूण करतो, कारण डॉक्टर शिकलेले असतात. या प्रश्नाची एक खरी आवृत्ती 1966 साली अमेरिकेत छापून आली. चार्ल्स हॉफ्लिंग या मानसोपचारतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह हा प्रयोग चालत्या इस्पितळांमध्ये केला होता आणि नर्सना त्याची कल्पना नव्हती.

वॉर्डात नर्स एकटी असताना फोन येई. पलीकडचा माणूस आपण मानसोपचार विभागातले डॉक्टर स्मिथ असल्याचं सांगे. हा डॉक्टर तिने कधी पाहिलेला नसे. तो म्हणे, औषधांच्या कपाटात ‘अ‍ॅस्ट्रोटेन’ नावाची डबी आहे का बघा. अमुक रुग्णाला त्यातलं 20 मिलिग्रॅम द्या. मी थोड्या वेळात येतोच आहे, आलो की सही करतो. डबीवर स्पष्ट लिहिलेलं होतं: नेहमीची मात्रा 5 मिलिग्रॅम, दिवसाची कमाल मात्रा 10 मिलिग्रॅम. फोनवरून औषधाची ऑर्डर घेणं नियमात बसत नव्हतं. औषध वॉर्डच्या यादीत नव्हतं. बोलणाऱ्याची ओळख पटलेली नव्हती. डबीत खरं तर निरुपद्रवी गोळ्या होत्या आणि नर्स रुग्णाकडे निघाली की एक डॉक्टर आडवा येऊन तिला थांबवत असे.

बावीस नर्सपैकी एकवीस औषध घेऊन निघाल्या.

आता पर्याय निवडा. ही जाणकारीची सत्ता म्हणावी, तर तज्ज्ञपणाचा पुरावा काय होता? फोनवरचा आवाज. तो डॉक्टर आहे हेसुद्धा त्यानेच सांगितलं. उलट त्या औषधाबद्दलची ठोस माहिती नर्सच्या हातातल्या डबीवर होती आणि ती त्या आवाजाच्या विरोधात जात होती. काहींच्या तर मात्रेतली तफावत लक्षातही आली नाही. ‘डॉक्टर बोलतोय’ हे कानावर पडलं की लेबल वाचणारे डोळे थांबतात. नंतर बोलताना नर्सनी सांगितलं की अशा तोंडी ऑर्डरी नेहमीच्याच असतात आणि नाही म्हटलं की डॉक्टर चिडतात. म्हणजे बराचसा भाग हुद्द्याचा, थोडा नाराजीच्या भीतीचा आणि ‘डॉक्टर म्हणजे कळतच असणार’ ही थोडी पुण्याईही त्यात मिसळलेली. पण आवाजामागचा माणूस बदलला असता तरी ‘डॉक्टर’ हा शब्द कायम असेपर्यंत काम झालंच असतं. एका पर्यायावर खूण करायचीच असेल, तर ती लेजिटिमेटवर करावी लागते. माणसाऐवजी खुर्चीचं ऐकलं जातं, तेव्हा ती हुद्द्याची सत्ता.

याला एक पुरवणी आहे आणि पाठ्यपुस्तकात ती कमी वेळा येते. 1977 मध्ये रँक आणि जेकबसन यांनी हाच प्रयोग थोडा बदलून केला. औषध नर्सच्या ओळखीचं, म्हणजे व्हॅलियम घेतलं. मात्रा नेहमीपेक्षा बरीच जास्त सांगितली. आणि नर्सना एकमेकींशी बोलायला वाव ठेवला. या वेळी अठरापैकी फक्त दोघी औषध द्यायला तयार झाल्या. डॉक्टरांचा हुद्दा तोच होता. बदललं ते नर्सचं स्वतःचं ज्ञान आणि शेजारी उभी असलेली दुसरी नर्स. हुद्द्याची सत्ता किती दूरवर पोचते हे हुद्द्याइतकंच ऐकणाऱ्याला काय माहीत आहे यावरही ठरतं, हे इतक्या साध्या रीतीने दाखवणारी दुसरी जोडी सापडणं कठीण.

जाणकारीच्या सत्तेसाठी फ्रान्सला जावं लागेल. समाजशास्त्रज्ञ मिशेल क्रोझिए यांनी तिथल्या सरकारी मक्तेदारीच्या सिगारेट कारखान्यांचा अभ्यास केला आणि 1963 मध्ये नोकरशाहीवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. या कारखान्यांत सगळं नियमांनी बांधलेलं होतं. भरती कशी, बदली कोणाची आधी, पगार किती, सगळं कागदावर. वरिष्ठाच्या हातात मर्जीने द्यायला किंवा काढून घ्यायला जवळजवळ काही उरलेलं नव्हतं. कागदावर नव्हती ती एकच गोष्ट: मशीन कधी बंद पडेल आणि ते सुरू कसं करायचं.

हे फक्त देखभालीच्या फिटरना ठाऊक होतं. कारखान्याच्या उतरंडीत ते वर नव्हते, पण मशीन चालवणाऱ्या बायका त्यांच्याशी जपून वागत, कारण मशीन थांबलं की ताण त्यांच्यावरच येई. मशीनला त्यांनी स्वतः हात लावणं फिटरना खपत नसे. मशिनांचे नकाशे आणि देखभालीच्या सूचनापुस्तिका कारखान्यांतून नाहीशा झालेल्या होत्या. सेटिंग नवशिक्याला शिकवायचं ते तोंडी, हाताला हात लावून. लिहून ठेवलं की संपलं, हे फिटर ओळखून होते.

ओबीच्या प्रश्नांत हा फिटर ‘कॉम्प्युटर बंद पडला की सगळे ज्याच्या टेबलाशी जातात तो आयटीवाला’ या रूपात भेटतो. उत्तर एक्स्पर्ट, यात वाद नाही. पण क्रोझिएंच्या फिटरनी जे नकाशे गायब केले त्यांच्याकडे नीट पाहिलं, तर परीक्षेतली आणखी एक गाठ सुटते. रेव्हन यांनी 1965 मध्ये सहावा पाया जोडला, माहितीचा. त्यांच्या मते माहितीची सत्ता म्हणजे असा मुद्दा की जो पटला की सांगणारा कोण हे महत्त्वाचं राहत नाही. भूमितीचा सिद्धान्त फळ्यावर सिद्ध झाला की शिक्षक खोलीबाहेर गेले तरी तो सिद्धच असतो. जाणकाराचं तसं नाही. ‘डॉक्टर म्हणतात म्हणजे खरंच’ असं म्हणणाऱ्याला कारण समजलेलं नसतं, त्याचा विश्वास माणसावर असतो.

पुढच्या पाठ्यपुस्तकांनी मात्र हा शब्द बराच वेगळ्या अर्थाने वापरला. तिथे माहितीची सत्ता म्हणजे इतरांना नसलेली बातमी आपल्याकडे असणं: टेंडर कधी निघणार, बदल्यांच्या यादीत कोणाचं नाव आहे. साहेबांच्या केबिनबाहेर बसणाऱ्या सेक्रेटरीचा प्रश्न या अर्थाने विचारलेला असतो. दोन्ही अर्थ चालतात, पण एकाच वाक्यात चालत नाहीत, आणि प्रश्न काढणाऱ्याच्या मनात कोणता होता हे विद्यार्थ्याला ओळखावं लागतं. ओळखायला एक उपाय आहे. गोष्ट एकदा सांगून टाकली की सत्ता संपते का? संपत असेल तर माहिती. उद्या नवा बिघाड झाला की पुन्हा त्याच माणसाकडे जावं लागणार असेल तर जाणकारी.

राहिला रेफरंट. मराठीत याचं ‘संदर्भ सत्ता’ असं भाषांतर केलं जातं आणि बिचाऱ्या विद्यार्थ्याला वाटतं, ही ग्रंथालयात बसून संदर्भ शोधणाऱ्याची सत्ता असावी. मूळ कल्पनेत ऐकणारा समोरच्याशी स्वतःला जोडून घेतो. आपण त्याच्यासारखे आहोत किंवा व्हावं असं त्याला वाटतं, म्हणून तो जे करील ते हाही करतो. मराठीला यासाठी भाषांतराची गरजच नव्हती. ‘त्यांचा शब्द आम्ही खाली पडू देत नाही’ हे वाक्य कुठल्याही गावात, कुठल्याही कचेरीत ऐकायला मिळतं, आणि ते ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याच्याकडे पुष्कळदा हुद्दा नसतो. फ्रेंच आणि रेव्हन यांनी नोंदवलेली आणखी एक बाब इथे कामाला येते: ज्याच्यावर ही सत्ता चालते त्याला कधीकधी तिचा पत्ताच नसतो. हुकूम न देता चालणारी ही सत्ता आहे. म्हणून प्रश्नात ‘सांगितलं’ हे क्रियापद नसेल आणि ‘त्यांच्यासारखं करू लागले’ असं असेल, तर कान टवकारावेत.

जाणकारी आणि ओढ यांच्यातली सीमा एका जाहिरातीवरून कळते. सचिन तेंडुलकर एखाद्या मुलाला स्ट्रेट ड्राइव्हसाठी पाय कुठे टाकायचा हे सांगतो आणि मुलगा ऐकतो, ती एक्स्पर्ट सत्ता. तोच सचिन टीव्हीवर बूस्टचा पेला उचलतो आणि मुलगा घरी आईकडे बूस्टचा हट्ट धरतो, तेव्हा ती रेफरंट. पेयातल्या पोषणाबद्दल सचिनला काय कळतं हा प्रश्न त्या मुलाला पडलेला नसतो. जाणकारीचं कुंपण जवळ असतं. वकिलाचं कोर्टाच्या कामात ऐकतात, घराच्या प्लंबिंगमध्ये नाही. आणि मूळ प्रकरणात असंही म्हटलेलं आहे की कुंपणाबाहेर सल्ले देत सुटलं की आतली पतही कमी होते. ओढीचं क्षेत्र फार मोठं असतं. जिथे माणसाच्या कामाचा आणि त्याच्या सांगण्याचा संबंध जुळत नाही, तरीही ऐकलं जातं, तिथे रेफरंट शोधावा.

इथवर सगळं प्रश्नपत्रिकेच्या सोयीचं. संशोधकांनी हीच प्रश्नपत्रिका खऱ्या कामगारांच्या हाती दिली तेव्हा पंचाईत झाली. सुरुवातीच्या अनेक पाहण्यांत नोकरदाराला पाच कारणं देत आणि म्हणत, तुम्ही साहेबाचं का ऐकता त्याप्रमाणे क्रम लावा. प्रत्येक सत्तेसाठी एकच वाक्य. 1985 मध्ये पोडसाकॉफ आणि श्रीशाइम यांनी या पद्धतीतले दोष दाखवले. क्रम लावायला सांगितलं की एक वर गेलं की दुसरं आपोआप खाली जातं, मग त्या माणसाच्या मनात दोन्ही तितकीच जोरदार का असेनात. शिवाय ‘साहेब शिक्षा करतील म्हणून मी ऐकतो’ हे वाक्य पहिल्या क्रमांकावर टाकायला कोणाचा हात धजेल? जाणकारी आणि आदर यांना भरघोस मतं पडणार, हे मोजमाप हाती घेण्याआधीच ठरल्यासारखं होतं.

पुढे 1989 मध्ये हिंकिन आणि श्रीशाइम यांनी वीस वाक्यांची प्रश्नावली बनवली, प्रत्येक पायासाठी चार. तिथे क्रम लावायचा नाही, साहेब आपल्यासाठी काय करू शकतात एवढंच सांगायचं. ती पुष्कळ वापरली गेली. तिच्यातही एक घसरण आहेच. ओढीच्या सत्तेसाठीची वाक्यं साहेब मला आपली किंमत आहे असं वाटायला लावतात का, या धाटणीची आहेत. ‘मला त्यांच्यासारखं व्हायचंय’ आणि ‘ते मला मानाने वागवतात’ यांत अंतर आहे. दुसरी गोष्ट बक्षिसाच्या जवळ जाते. तीस वर्षं शिकवल्या जाणाऱ्या शब्दाचा अर्थ मोजपट्टीवर चढताना असा थोडा सरकतो आणि परीक्षेत तो सरकलेला अर्थही येतो.

म्हणून एक रचलेला प्रसंग इथे शेवटपर्यंत सोडवून पाहू. चाकणसारख्या औद्योगिक भागातलं एक प्रेस शॉप धरा. बारा माणसांची लाइन. इन्चार्ज अठ्ठावीस वर्षांचा, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला. आणि एक फिटर, तीस वर्षं याच प्रेसवर असलेला, ज्याला सगळे काका म्हणतात. एका दुपारी इन्चार्ज म्हणतो, बॅच सुरू करा. काका डायवर हाताची पाठ धरतात आणि म्हणतात, तापलाय, वीस मिनिटं थांबा. लाइन थांबते. एक्स्पर्ट.

पुढच्या महिन्यात हजेरीसाठी बोटाचा ठसा घेणारं मशीन येतं. काका म्हणतात, इतकी वर्षं रजिस्टरवर सही केली, मी काही बोट लावणार नाही. ते कोणाला काही सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी आठ जण मशीनपाशी फिरकत नाहीत. हजेरीच्या मशीनबद्दल काकांना त्या आठांपेक्षा जास्त कळतं, असं कोणीच म्हणणार नाही. रेफरंट.

इन्चार्ज फलकावर सही-शिक्क्याची नोटीस लावतो. संध्याकाळपर्यंत तीन पोरं जाऊन बोट लावून येतात. ती तिन्ही कंत्राटी, आणि कंत्राटांची मुदत महिनाअखेर संपणार आहे. कायम कामगारांपैकी दोघे तिसऱ्या दिवशी लावतात, कारण कंपनीने लेखी कळवलं म्हणजे ते करायचं, असं त्यांना मनापासून वाटतं. एकच नोटीस, एकच हुद्दा. तिघांसाठी कोअर्सिव्ह, दोघांसाठी लेजिटिमेट, आणि उरलेल्यांसाठी अजून फक्त कागद. प्रश्नपत्रिका इथे ‘इन्चार्जने कोणती सत्ता वापरली?’ असं एकवचनात विचारते. नोटीस लावताना इन्चार्जनेही एकच सत्ता वापरली असं त्याला वाटत असेल.

वर्षभराने काका निवृत्त होतात. जाताना ते एका पोराला आपली वही देतात. तेलाचे डाग पडलेली, प्रत्येक डायपुढे टनेज आणि शिमची जाडी पेन्सिलीने लिहिलेली. लाइन त्या वहीवर व्यवस्थित चालते. माहिती एका हातातून दुसऱ्या हातात गेली. हजेरीच्या मशीनवर आता सगळेच बोट लावतात. मग वहीत नसलेला एक नवा डाय येतो. पहिल्याच पाळीत माल चिरतो, तीनदा सेटिंग बदलूनही चिरतो. चौथ्या दिवशी इन्चार्ज काकांच्या घरी फोन लावतो आणि विचारतो, गाडी पाठवू का. काका म्हणतात, गाडी नको, जेवून येतो.